प्रूफ एकच, वाचणारे चार

दिवाळी अंकाच्या कचेरीत सप्टेंबर लागला की संगणकावरचा एक फोल्डर फुगू लागतो. समजा, पान 41 ते 52 अशी बारा पानांची एक कथा आहे. मांडणीकाराने तिची पीडीएफ सकाळी सगळ्यांना ईमेलने पाठवली. रात्रीपर्यंत फोल्डरमध्ये `katha_final.pdf`, `katha_final_1.pdf`, `katha_final_lekhika.pdf` आणि `katha_final_navin.pdf` अशा चार फाइली जमतात. पहिली मूळची, दुसरी मुद्रितशोधकाने खुणा करून परत पाठवलेली, तिसरी लेखिकेची आणि चौथी कोणाची, ते उघडल्याशिवाय कळत नाही. चित्रकाराने फाइल परत केलेलीच नाही. त्याने पान 44 चा स्क्रीनशॉट काढून त्यावर बोटाने लाल गोल केला आणि तो व्हॉट्सॲपवर टाकला. संपादकांनी आपल्या दुरुस्त्या फोनवरून सांगितल्या: ‘पान 47, दुसरा परिच्छेद, वरून पाचवी ओळ.’

आता मांडणीकाराने काय करायचे? तो चारही फाइली शेजारी शेजारी उघडतो आणि एकेक खूण मूळ मांडणीत उतरवू लागतो. त्यातल्या बऱ्याच खुणा सारख्याच असतात, कारण तीच ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिघांनीही पकडलेली असते. खरी अडचण परस्परविरोधी खुणांची होते. कथेतली म्हातारी ‘पहाट झाली व्हती’ असे म्हणते. मुद्रितशोधकाने ‘व्हती’ खोडून ‘होती’ केले आहे. लेखिकेने तो शब्द जसाच्या तसा सोडला आहे, कारण तिच्या दृष्टीने तिथे चूकच नाही. दोघांनी एकमेकांच्या फाइली पाहिलेल्या नाहीत. मग मांडणीकार खूण दिसली म्हणून दुरुस्ती करतो आणि म्हातारी छापील अंकात प्रमाण मराठी बोलते.

जुन्या छापखान्यात हे सहसा होत नसे. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून ओळखला जाणारा ‘मनोरंजन’ 1909 साली निघाला. तेव्हापासून पुढे कित्येक दशके प्रूफ म्हणजे कागदच होता आणि बहुधा तोच कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई. नंतर वाचणाऱ्याला आधीच्याची लाल शाई दिसत असे आणि पटले नाही तर तो समासात तसे लिही. ईमेलने प्रूफ एका क्षणात चौघांकडे पोचू लागले, पण त्याच क्षणी त्याचे चार तुकडेही झाले. पीडीएफवर एकत्र शेरे मारण्याच्या सोयीने तो एकच कागद परत मिळतो, आणि तोही चौघांना एकाच वेळी हाताळता येईल असा. त्यासाठी शेरा फाइलमध्ये नेमका कुठे राहतो, हे मात्र समजून घ्यावे लागते. बहुतेक घोटाळे ते ठाऊक नसल्यामुळेच होतात.

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने 1993 मध्ये आणला आणि 2008 मध्ये तो आयएसओचे खुले मानक झाला. कोणत्याही यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे, हा त्याचा मूळ हेतू. म्हणून शेरा मारला तरी पानाच्या मजकुराला धक्का लागत नाही. जुने चित्रकार मूळ चित्रावर बटर पेपर ठेवून त्यावर सूचना लिहीत, तसा शेरा पानाच्या वर वेगळा ठेवलेला असतो. तो उचलून बाजूला करता येतो, दुसऱ्या फाइलवर ठेवता येतो, फक्त एकाच माणसाचे शेरे पाहता येतात. प्रत्येक शेऱ्याबरोबर लिहिणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ, त्याला कोणी उत्तर दिले आणि त्याची सध्याची स्थिती काय, एवढे सगळे नोंदलेले असते.

हे शेरे पानापासून वेगळे काढून एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये साठवता येतात. तिचा एक प्रकार `.xfdf`. तो नोटपॅडमध्ये उघडला तर म्हातारीच्या ‘व्हती’वरची खूण थोडक्यात अशी दिसेल:

```
<strikeout page="3" title="मुद्रितशोधक"
  date="D:20250914213000+05'30'"
  rect="120,388,158,402"
  coords="120,402,158,402,120,388,158,388">
  <contents>होती</contents>
</strikeout>
```

यात गंमत आहे ती आकड्यांत. `page="3"` म्हणजे फाइलमधले चौथे पान, कारण इथे मोजणी शून्यापासून होते. `title` मध्ये शेरा मारणाऱ्याचे नाव आहे. तारखेच्या शेवटी भारतीय प्रमाणवेळ आहे. पण ‘व्हती’ हा शब्द या नोंदीत कुठेच नाही. तिथे आहेत फक्त चार कोपरे: पानाच्या डाव्या कडेपासून 120 पॉइंट, खालच्या कडेपासून 388 पॉइंट वगैरे. एका इंचात 72 पॉइंट असतात, म्हणजे ही खूण साधारण अर्धा इंच रुंद आणि 14 पॉइंट उंच अशी एक पट्टी आहे. वाचणाऱ्याला वाटते की आपण शब्द खोडला. फाइलच्या लेखी पानावरच्या एका जागेवर रेघ ओढली गेली आहे.

म्हणूनच खुणा झालेल्या फाइलखालचे पान मध्येच बदलले तर काय होईल, ते उघड आहे. मांडणीकाराने उत्साहाने अर्ध्या दुरुस्त्या करून नवी पीडीएफ त्याच जागी टाकली आणि वरच्या परिच्छेदात एक ओळ वाढली, तर सगळा मजकूर एका ओळीने खाली सरकतो. खुणा मात्र आपल्या जागी उभ्या राहतात. ‘व्हती’वरची रेघ आता वरच्या ओळीतल्या एखाद्या निष्पाप शब्दावर पडते. असे झाल्याचे ओळखणे सोपे आहे. खोडलेल्या पट्ट्या शब्दाच्या मध्येच सुरू होतात, दोन शब्दांच्या फटीवर रेघ दिसते आणि ‘वेलांटी दीर्घ हवी’ हा शेरा वेलांटी नसलेल्या अक्षराकडे बोट दाखवतो. एखादी खूण अशी दिसली की उरलेल्या कुठल्याही खुणेवर विसंबू नये.

यावरून कामाची शिस्त ठरते. एक फेरी, एक गोठवलेली फाइल. पहिल्या फेरीची पीडीएफ `katha_41-52_f1.pdf` अशा नावाने एकाच जागी ठेवायची आणि चौघांना फाइल न पाठवता तिचा दुवा पाठवायचा. फेरी संपेपर्यंत त्या फाइलखालचे पान बदलायचे नाही. सगळे शेरे आले की मांडणीत एकदम दुरुस्त्या करायच्या आणि `f2` नावाने नवी फाइल काढायची. तीन फेऱ्या झाल्या तर तीनच फाइली होतात. चौघांनी प्रत्येक फेरीला आपापली प्रत परत पाठवली असती तर बारा जमल्या असत्या, आणि स्क्रीनशॉट वेगळेच.

आता ही फेरी प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. मांडणीकार इनडिझाइनमधून पीडीएफ काढतो, ॲक्रोबॅटमध्ये उघडतो आणि `Share` मधून दुवा तयार करतो. शेरे मारण्याची परवानगी चालू ठेवतो आणि शेवटची तारीख घालतो. वाचणाऱ्याला ती फाइल ब्राउझरमध्येच उघडते, ॲक्रोबॅट विकत घ्यावे लागत नाही. ज्यांना ब्राउझर नको, त्यांच्यासाठी मोफत रीडर आहे. फार वर्षांपूर्वी रीडरमधून शेरा मारायचा तर फाइल पाठवणाऱ्याने ती सोय पैसे मोजून घेतलेल्या ॲक्रोबॅटमधून मुद्दाम उघडून द्यावी लागे. 2012 मध्ये आलेल्या रीडर 11 पासून शेऱ्यांची साधने सर्वांना खुली झाली. जुन्या अनुभवावरून ‘रीडरमध्ये काही लिहिता येत नाही’ असे मानणारे ज्येष्ठ मुद्रितशोधक अजून भेटतात, त्यांना हे आवर्जून सांगायला हवे.

सुरुवातीला एक लहानसे काम प्रत्येकाने करायचे असते, आणि नेमके तेच राहून जाते. रीडर शेऱ्यावर जे नाव घालतो ते पुष्कळदा संगणकात शिरतानाचे नाव असते. कचेरीतले संगणक एकाच माणसाने बसवून दिलेले असतील, तर तिघांचेही शेरे `Admin` या नावाने येतात. मग कोण कोणाला उत्तर देतो आहे ते कळत नाही. `Preferences` मध्ये `Commenting` खाली, लॉगिनचे नाव नेहमी वापरा, अशा अर्थाची एक चौकट असते. ती काढून पहिल्याच शेऱ्याच्या गुणधर्मांत आपले नाव लिहायचे आणि तेच पुढे कायम ठेवायचे. पहिल्या मिनिटात हे केले नाही तर फेरीच्या शेवटी नावे शोधत बसण्यात संध्याकाळ जाते.

साधने बरीच आहेत, पण प्रूफाला चार पुरतात: शब्द खोडणे, मध्ये शब्द घालणे, शब्द बदलणे आणि नुसती टीप. यातले बदलण्याचे साधन सर्वांत मोलाचे. ‘व्हती’ निवडून `Replace text` दाबले की जुन्या शब्दावर रेघ आणि शेजारी नवा शब्द अशी जोडखूण होते. नवशिके वाचक पिवळी पट्टी ओढून शेजारी ‘हे नीट करा’ असे लिहितात. अशा शेऱ्यातून मांडणीकाराला काहीच कळत नाही, तो फोन उचलतो आणि वेळ वाचवण्याचा सगळा खटाटोप फुकट जातो. दुरुस्ती असेल तर हवा असलेला मजकूर अक्षर न् अक्षर लिहावा. शंका असेल तर ती कोणासाठी आहे, ते नाव घालून लिहावी: ‘लेखिकेसाठी: पान 42 वर गाव नदीच्या अलीकडे आहे, इथे पलीकडे. कोणते बरोबर?’

आता म्हातारीकडे येऊ. मुद्रितशोधकाने ‘व्हती’ खोडून ‘होती’ सुचवले. लेखिकेने रात्री तीच फाइल उघडली, तिला खूण दिसली. तिने नवी खूण केली नाही, त्याच शेऱ्याखाली उत्तर लिहिले: ‘राहू द्या. पात्राची बोली आहे, म्हातारीच्या सगळ्या संवादांत अशीच ठेवली आहे.’ सकाळी मुद्रितशोधकाने त्याखाली लिहिले: ‘मग पान 46 वर तीच म्हातारी “होती” म्हणते. तिथे “व्हती” करायचे का?’ लेखिकेच्या हस्तलिखितातली ही चूक आतापर्यंत कोणाच्याच लक्षात आली नव्हती. संपादकांनी पहिल्या शेऱ्याची स्थिती `Rejected` केली आणि पान 46 साठी नवी दुरुस्ती घातली. मांडणीकाराच्या हाती पडला तो निर्णय, वाद नव्हे. चार वेगळ्या प्रतींत हे संभाषण झालेच नसते.

स्थितीच्या या सोयीबाबत एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. ॲक्रोबॅटमध्ये शेऱ्याशेजारी बरोबरची खूण करता येते आणि `Accepted`, `Rejected`, `Completed` अशा स्थितीही देता येतात. दोन्ही दिसायला सारख्या, पण बरोबरची खूण ही आपली खासगी नोंद असते, इतरांना ती दिसत नाही. संपादकांनी बरोबरच्या खुणा करून ‘सगळे मान्य केले आहे’ असे कळवले, तर मांडणीकाराच्या पडद्यावर काहीच उमटलेले नसते. निर्णय सांगायचा तर स्थितीच द्यावी लागते. शिवाय निर्णय देणारी व्यक्ती एकच असावी. चौघेही स्थिती बदलू लागले की फाइल एकच असूनही प्रती चार असल्यासारखाच गोंधळ होतो.

फेरी बंद झाली की मांडणीकाराचे काम. इनडिझाइनच्या ऑक्टोबर 2018 मध्ये आलेल्या आवृत्तीपासून पीडीएफवरचे शेरे थेट मांडणीत आणता येतात. `File` मधल्या `Import PDF Comments` ने ते एका पट्टीत दिसतात. खोडणे, घालणे आणि बदलणे या प्रकारचा शेरा स्वीकारला की दुरुस्ती मजकुरात आपोआप होते. अट एवढीच की पीडीएफही त्या किंवा नंतरच्या आवृत्तीतूनच काढलेली असावी. इंग्रजी पुस्तकांच्या कामात यामुळे मांडणीकाराचे टंकनाचे बरेचसे काम वाचते.

मराठीत मात्र इथे फॉन्टचा प्रश्न आडवा येतो, आणि तो मुळापासून समजून घ्यावा असा आहे. मराठी प्रकाशनांतले कितीतरी काम वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती अशा युनिकोडपूर्व पद्धतींत झाले आणि काही ठिकाणी अजूनही होते. या फॉन्टमध्ये संगणकाच्या आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात, फक्त डोळ्यांना त्या जागी देवनागरी वळणे दिसतात. पान उत्तम दिसते, छापूनही उत्तम येते. पण पीडीएफला विचारले तर तिथे मराठी शब्दच नाही. पिवळी पट्टी ओढता येते, खोडताही येते, कारण त्या जागेवरच्या खुणा आहेत. पण ‘व्हती’ शोधायला गेले तर सापडत नाही. रीडरची निवडलेला मजकूर शेऱ्यात आपोआप उतरवण्याची सोय चालू असेल, तर शेऱ्याच्या चौकटीत रोमन अक्षरांचा चिखल दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटते की फाइलच बिघडली. आणि युनिकोडमध्ये टंकलेला ‘होती’ इनडिझाइनने आपोआप त्या फॉन्टमध्ये घातला, तर अक्षरांच्या जागी गुलाबी पट्ट्यावर रिकामे चौकोन उमटतात.

आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे, ते फेरी सुरू होण्याआधी मिनिटभरात तपासता येते. पानावरची एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी वाचता आले तर मजकूर युनिकोड आहे. अशा वेळी एखादी ऱ्हस्व वेलांटी जागा सोडून आलेली दिसेल किंवा जोडाक्षर फुटलेले दिसेल, कारण देवनागरी अक्षरे पानावर ज्या क्रमाने मांडली जातात तो क्रम लिहिण्याच्या क्रमाहून वेगळा असतो. त्यामुळे पानाला काही झालेले नसते. रोमन अक्षरे आली तर फॉन्ट जुना आहे. आणि ओळ निवडताच आली नाही तर ते पान म्हणजे स्कॅन केलेले चित्र आहे, तिथे शब्दावर खूण करता येणार नाही, चौकट काढून शेरा लिहावा लागेल. जुना फॉन्ट असला तरी एकाच फाइलवर शेरे मारण्याची पद्धत सोडायचे कारण नाही. फक्त शेवटची पायरी हाताने करायची: मांडणीकार शेऱ्यांची यादी पानक्रमाने लावतो आणि मान्य झालेली प्रत्येक दुरुस्ती स्वतः टंकून तिची स्थिती `Completed` करतो.

दुसरा मोठा घोळ शेरे कुठे साठतात यावरून होतो. अनेक कचेऱ्यांत ॲक्रोबॅटऐवजी गूगल ड्राइव्ह वापरतात. तिथेही पीडीएफ उघडून मजकूर निवडता येतो, शेरा मारता येतो, उत्तर देता येते, शेरा निकालात काढता येतो. वाचणाऱ्याला `Commenter` एवढीच परवानगी दिली की तो फाइल बदलू शकत नाही. लहान गटासाठी ही सोय पुरेशी आहे. पण हे शेरे ड्राइव्हच्या नोंदीत राहतात, पीडीएफच्या आत जात नाहीत. मांडणीकाराने ती फाइल उतरवून घेतली आणि आपल्या संगणकावर उघडली तर पान कोरे दिसते, आणि ‘कोणीच काही शेरा मारला नाही’ असा त्याचा समज होतो. इनडिझाइनमध्ये ते शेरे आणण्याचा मार्गही मग बंद असतो. म्हणून ड्राइव्हवर फेरी चालवायची असेल तर शेवटच्या दुरुस्तीपर्यंत ड्राइव्हवरच चालवावी. अर्धे शेरे ड्राइव्हवर आणि अर्धे रीडरमध्ये, असे झाले की एकच फाइल असूनही दोन प्रती तयार झाल्यासारखेच होते.

एवढे करूनही कोणीतरी फाइल उतरवून घेतेच. लेखिका प्रवासात असते, नेट मिळत नाही, ती लॅपटॉपवर रात्री वाचून खुणा करते आणि फाइल ईमेलने पाठवते. तिला दोष देण्यात अर्थ नाही, आणि तिच्या खुणा हाताने उतरवत बसण्याचीही गरज नाही. ॲक्रोबॅटमध्ये मूळ फाइल उघडून शेऱ्यांच्या यादीतल्या पर्यायांतून `Import data file` निवडायचे आणि लेखिकेची पीडीएफ दाखवायची. तिचे शेरे तिच्या नावासह, तिने लिहिलेल्या वेळेसह मूळ फाइलवर येऊन बसतात. अट पुन्हा तीच: दोन्ही फाइलींतली पाने त्याच फेरीची हवीत. `f1` वरचे शेरे `f2` वर आणले तर ते सरकलेल्या ओळींवर पडतील. नावातला तो फेरीचा आकडा इथे उपयोगी पडतो.

ही सुटका एका चुकीनंतर मिळत नाही. काही जण खुणा केलेली फाइल `Print` मधून पुन्हा पीडीएफ करून पाठवतात, कारण फोनवरच्या एखाद्या ॲपमध्ये तोच मार्ग सापडतो. तसे केले की शेरे पानाच्या चित्रात मुरतात. दिसतात, पण यादीत येत नाहीत, उत्तर देता येत नाही, दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि टिपेच्या चौकटीतला मजकूर तर बहुधा गायबच होतो, उरते नुसते पिवळे चिन्ह. फाइल मिळताच शेऱ्यांची यादी उघडून पाहावी. पानावर खुणा दिसतात आणि यादी रिकामी आहे, असे असेल तर पाठवणाऱ्याकडून मूळ जतन केलेली फाइल लगेच मागवावी. दोन दिवसांनी ती त्याच्या फोनवर असेलच असे नाही.

शेवटच्या फेरीनंतर छापखान्याला जाणारी पीडीएफ शेऱ्यांच्या फाइलमधून शेरे पुसून बनवू नये. ती मांडणीतून नव्याने काढावी. पुसताना एखादी खूण मागे राहते, आणि काही प्रकारच्या खुणा, विशेषतः शिक्के आणि रेघा, छापूनही येतात. छपाईसाठीच्या पीडीएफ/एक्स मानकात तर पानाच्या छपाईच्या क्षेत्रात असे शेरे चालतच नाहीत. शेऱ्यांची `f1`, `f2`, `f3` ही मालिका मात्र अंक निघाल्यावरही जपून ठेवावी. ॲक्रोबॅटच्या `Create comment summary` ने सगळ्या शेऱ्यांची पानवार यादी वेगळी काढता येते, तीही बरोबर ठेवावी. अंक हाती पडल्यावर लेखिकेने फोन करून ‘पान 46 वरचा शब्द कोणी बदलला?’ असे विचारले, तर त्या यादीत मुद्रितशोधकाचा प्रश्न, तिचे स्वतःचे उत्तर आणि संपादकांचा निर्णय तारीखवेळेसह सापडतो.